सुंठीचा डबा

विद्याधर देवधानकरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, आणि त्याबद्दल सरकारी कारखान्याने त्यांना पगार दिला. गुणवत्ता तपासणी विभाग, असं त्याचं भारदस्त नाव. दातेरी चाकाचा एखादा दाता केसभर जरी जाड असला तरी देवधानकर त्या चाकावर लाल रंगाचा ठिपका देत आणि चाक भंगारात जाई. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घरी आणल्यावर दोन मिनिटं मागे पडतं हे त्यांच्या लक्षात आलं, पण परत कोणाकडे पाठवायचं? तपासणी विभागात आता तेच नव्हते.

कानडी मुलखात, येलहंक्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरात दोघंच राहत. ते आणि सुलभा. मुलंबाळं नव्हती. त्या कमतरतेवर सुलभाने कधी भाष्य केलं नाही. वर्षातून तीन दिवस ती घर इतकं भरून टाकायची की बाकीच्या दिवसांचा हिशोब कुणी मागू नये. ते तीन दिवस म्हणजे महालक्ष्म्या. देवधानकरांच्या घराण्यात त्या एकाच घरी उभ्या राहत, थोरल्याच्या. त्यामागे विद्याधरांच्या आईने घालून दिलेला नियम होता, आणि आईचे नियम कारखान्यातल्या नियमांपेक्षा कडक: जिच्या हातचा नैवेद्य, तिच्या घरी महालक्ष्म्या. पुरण तिनंच घाटायचं, सोळा भाज्या तिनंच करायच्या, कटाची आमटी तिनंच फोडणीला द्यायची. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत चमचाभरसुद्धा चाखायचं नाही. मीठ हाताने कळलं पाहिजे. नाही कळलं तर बाई त्या घरात पाहुणी समजा.

सुलभाच्या हाताला सगळं कळायचं. फक्त गुडघ्यांना कळायचं नाही.

गेल्या वर्षी पुरण घाटता घाटता तिचा उजवा गुडघा नारळासारखा फुगला. तिने स्टूल ओढून, ओठ दाबून स्वयंपाक पुरा केला आणि सवाष्णी उठल्यावर तिथेच जमिनीवर बसली. बसली ती उठवेना. विद्याधर आणि पुतण्या सुशांत यांनी दोन बाजूंनी धरून तिला पलंगावर आणलं. सुशांत पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, बायको निधीही तशाच नोकरीत. निधी मनाने लोण्याची, पण बोलायची भलत्याच भाषेत.

"काकू, सीरियसली, एवढा स्ट्रेस कशाला? नेक्स्ट इयर आमच्याकडे करू. जयनगरला एक केटरर आहे, पुरणपोळी एकदम ऑथेंटिक करतो."

सुलभाने डोळे मिटले. केटररच्या हातचा नैवेद्य! नियमाप्रमाणे मग महालक्ष्म्या केटररच्या घरी जायला हव्यात.

"एक वर्ष दे," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी मी उभी राहून केलं तर राहू देत इथे. नाही जमलं, तर मुखवटे तू ने."

विद्याधरांनी हे ऐकलं आणि कामाला लागले. समोर चूक आहे, तिला मुदत आहे. असल्या कामाचा त्यांना तीस-पस्तीस वर्षांचा सराव होता.

डॉक्टर पद्मनाभ हाडांचे डॉक्टर. मल्लेश्वरमच्या दवाखान्यात त्यांनी सुलभाचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत एकच गोष्ट सांगितली: गुडघ्यातली गादी झिजली आहे, ती परत उगवत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी तिच्या पोटात आग पडत होती, म्हणून त्या अगदीच लागल्या तर. मांड्यांचे व्यायाम रोज. वजन थोडं उतरलं तरी गुडघ्यांवरचा भार बराच उतरेल.

"आणि जेवण?" विद्याधरांनी विचारलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"जेवण सुधारा. मैदा, साखर, तळण कमी. अख्खी धान्यं, डाळी, पालेभाज्या जास्त. हळद, आलं घाला, सूज थोडी कमी व्हायला मदत होईल. जादू नाही, सार," डॉक्टर 'सर'चा 'सार' करत म्हणाले. "मदत."

"किती घालायचं?"

"स्वल्प."

"स्वल्प म्हणजे किती ग्रॅम?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. असे नवरे त्यांच्याकडे क्वचित येत. बहुतेक नवरे बाहेर मोटारसायकलवर वाट पाहत.

"सार, बायको आहे. मशीन नाही."

हे विद्याधरांना पटलं नाही. मशीन असती तर सोबत पुस्तक तरी आलं असतं.

ज्याने जन्मात चहासुद्धा केला नव्हता त्या माणसाने दिवाळीच्या पाडव्याच्या सुमाराला स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. यशवंतपूरच्या घाऊक बाजारातून ते पिशवी भरून आलं आणि ओली हळद घेऊन आले. मळ्यातून नुकती निघाल्यासारखी मातीने माखलेली हळद बघून खालच्या मजल्यावरच्या श्यामलाअक्कांनी विचारलं, "काय हो अण्णा, लग्न आहे का कुणाचं?" श्यामलाअक्कांच्या घराण्याला इथे येऊन चार पिढ्या झालेल्या, त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की वेगळं काढायचं तर दोन्ही भाषा फाटाव्यात.

पहिले पंधरा दिवस सगळं पिवळं झालं. भात पिवळा, ताक पिवळं, ओटा पिवळा, विद्याधरांची नखं पिवळी. हळद चांगली, तर जास्त हळद जास्त चांगली, असा त्यांचा सरळ हिशोब. दुधातही चमचे चमचे. शेवटी सुलभाच्या पोटात जळजळ सुरू झाली आणि डॉक्टर पद्मनाभांनी त्यांना तिच्यादेखत झापलं. मसाला म्हणून घालायची, औषध म्हणून नव्हे. पित्ताशयात खडे असले किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तर हेही सांभाळून. हळद थोड्या तेलातुपात आणि मिरीच्या चिमटीबरोबर घाला, अंगी लागेल. "स्वल्प, सार, स्वल्प."

मग मात्र ते सुधारले. त्यांच्यात हुशारी कमी नव्हती, फक्त ती बसवायला वेळ लागे. सकाळी नाचणीची आंबील ताक घालून. दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, तिच्यात किसलेलं आलं, हळद आणि मिरी. शेवग्याच्या पाल्याची भाजी. जवसाची चटणी. तिसऱ्या प्रहरी सुंठीचा काढा, गूळ नावापुरता. रात्री पडवळ किंवा दुधी, आणि भात तळहातावर मावेल एवढा. सुलभाच्या मांडीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन तो गुडघ्याने खाली दाबायचा व्यायाम ते स्वतः मोजून घेत.

चव कशी होती? सुलभा म्हणायची, "बरी आहे." जिच्या हातचं जेवायला एके काळी कारखान्याच्या वसाहतीतले साहेब निमित्तं काढून यायचे, तिने 'बरी' म्हणावं, यात काय काय दडलेलं असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

तिला स्वयंपाकघरात उभं राहायला बंदी होती. ती दारापाशी खुर्ची टाकून बसे आणि आलं सोलून देई. पहिल्या महिन्यात तिथून सूचना येत. "फोडणी करपतेय." "अहो, मोहरी तडतडू तर द्या." दुसऱ्या महिन्यात सूचना कमी झाल्या. तिसऱ्या महिन्यात बंद. विद्याधरांना वाटलं, आपली प्रगती होतेय.

याच काळात त्यांनी मांडणी बदलली. सुलभाच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे होते, सगळे एका मापाचे, झाकणावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं. कोणता कशाचा हे ओळखायची एकच खूण, त्याची जागा. सुलभा न बघता हात घाले. विद्याधरांना ही व्यवस्था रानटी वाटली. कारखान्याच्या हत्यारघरात त्यांनी एक तत्त्व राबवलं होतं: जे रोज लागतं ते हाताच्या उंचीवर, जे कधीमधी लागतं ते वर. सुंठ सगळ्यात वरच्या फळीवर कोपऱ्यात, आणि रोज लागणार ती! तिच्यासाठी टाचा उंचवायच्या, किंवा उद्या सुलभा उभी राहिली तर तिने उंचवायच्या? गुडघ्यांवर केवढा ताण! त्यांनी सुंठ खाली आणली, धने-जिऱ्याच्या पुडीच्या जागी. आणि धने-जिरे गेले वर, सुंठीच्या कोपऱ्यात. प्रत्येक डब्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून शाईने नाव लिहिलं.

"जागा बदलल्यात बरं का," ते म्हणाले.

"बरं," सुलभा म्हणाली. ती आलं सोलत होती.

आणि गुडघा खरंच ऐकू लागला. श्रावण लागेपर्यंत सूज उतरली. सकाळी पलंगावरून उठताना जो आखडलेपणा जाता जात नसे, तो चहा होईतो सुटू लागला. वजन उतरल्याने ब्लाऊज सैल झाले. डॉक्टर पद्मनाभांनी गुडघ्यावर बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "व्हेरी गुड. एक्स-रे तोच राहणार. पण बाई बदलली." विद्याधर दवाखान्यातून छाती काढून बाहेर पडले. एवढा आनंद त्यांना कोणत्याच दातेरी चाकाने दिला नव्हता.

सुलभा त्या दिवशी रिक्षात म्हणाली, "नैवेद्य मी करणार. एकटी. तुम्ही त्या दिवशी आत यायचं नाही."

"मदतीला तरी..."

"सोवळं आहे. जिन्यात नारळ खवत बसा."

महालक्ष्म्यांच्या आधी घर धुऊन काढायची रीत. सुलभाने डबे खाली उतरवायला लावले. "आणि त्या चिकटपट्ट्या काढा. देवीचा स्वयंपाक दवाखान्यातून आल्यासारखा दिसतोय." विद्याधरांनी रॉकेलच्या बोळ्याने पट्ट्या पुसल्या, डबे घासले, लखलखवले आणि परत मांडले. अर्थात आपल्या पद्धतीने. पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, आणि सुलभाला सांगून झालं होतं. तिच्या डोक्याला सांगून झालं होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

पूजेच्या दिवशी ती पहाटे न्हाऊन, लुगडं नेसून स्वयंपाकघरात शिरली, आणि उभी राहिली. विद्याधर जिन्यातून अधूनमधून डोकावत. ती डाळ शिजवत होती, पुरण घाटत होती, हातातलं उलथनं न थांबवता दुसऱ्या हाताने डबा काढत होती. गुणगुणतही होती. हे गुणगुणणं कधी थांबलं होतं हे विद्याधरांच्या ध्यानात तेव्हा आलं. पाडव्यापासून त्यांनी ते ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं तेवढे महिने.

त्यांनी नारळ जरुरीपेक्षा जास्त खवला.

दुपारी सवाष्णी आल्या. श्यामलाअक्का, जुन्या वसाहतीतल्या तिघी, आणि निधी. निधीने ऑफिसातून अर्धा दिवस काढला होता आणि नऊवारी जमली नाही म्हणून माफी मागितली. मुखवट्यांवर हळदीकुंकू वाहिलं, धूप कोंदला, नैवेद्य दाखवला. पानं मांडली. आणि सुलभाने उभ्याने वाढायला सुरुवात केली. वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. वसाहतीतल्या एकीने डोळे पुसले. "सुलभाताई, नजर लागेल गं."

पहिला घास आमटीचा.

विद्याधर सुशांतबरोबर बाहेरच्या खोलीत जेवायला बसले होते. त्यांनी भातात आमटी कालवली, घास घेतला, आणि त्यांच्या कानांतून वाफ निघाली. घसा जळाला. ही चव त्यांना इतर कोणाहीपेक्षा चांगली ओळखता येत होती. धने-जिऱ्याच्या जागी मूठभर सुंठ. त्यांनी पुरणपोळी मोडली. पुरणाला चिमूटभर सुंठ घालायची सुलभाची रीत. पुरणात धने होते.

चूक कुठे झाली हे कळायला त्यांना एक क्षण पुरला. सगळी नोकरी त्यातच गेली होती.

सुलभाला वास का आला नाही? पाडव्यापासून त्या घराला, पडद्यांना, उशांना सुंठीचा वास होता. तिचं नाक तो वास मोजणं सोडून देऊन कैक महिने झाले होते.

आतल्या खोलीत फक्त पाण्याचे पेले वाजत होते. भल्या घरच्या बायका होत्या. नैवेद्याला नावं ठेवत नाहीत. श्यामलाअक्का डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सर्दीला चांगली हो. हे बघा, नाक मोकळं झालं." वसाहतीतली एक म्हणाली, "पुरणात काहीतरी वेगळं आहे ना? छान आहे. वेगळं म्हणजे... छान." सुलभा पातेलं हातात धरून उभी राहिली होती. तिने अजून काही चाखलं नव्हतं. वाढणारी शेवटी बसते. पण चेहरे तिला वाचता येत.

तेव्हा निधीने, सगळ्यांना सोडवावं अशा शुद्ध हेतूने, विचारलं, "काकू, ही काकांची हेल्दी रेसिपी का? अँटी-इन्फ्लेमेटरी वाली?"

सगळ्या हसल्या. केवढी सुटका झाली त्यांची! "म्हटलंच मी!" "अण्णांनी केली काय! मग सरी, बरोबर!" "अहो विद्याधरराव, देवीचे गुडघे दुखतात का?"

विद्याधर पानावरून उठून दारात आले. हाताला पोळीचं तूप होतं. त्यांनी सुलभाकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते. तिची लाज झाकायला त्यांच्याजवळ आत्ता, इथे, एकच वस्त्र होतं.

"हो," ते म्हणाले. "मीच केली. आमटी पण, पुरण पण. हिला म्हटलं, सवय झालीय माझ्या हाताला, तू नुसती देखरेख कर."

हास्याचा मोठा लोट उठला. श्यामलाअक्कांनी कपाळावर हात मारला. वसाहतीतली म्हातारी म्हणाली, "पुरुषाच्या हातचा नैवेद्य! सासूबाई असत्या तर!"

विद्याधर हसत होते. मग त्यांना आईचा नियम आठवला, पूर्ण वाक्यात, आणि ते हसायचे थांबले. पण लाल ठिपका देऊन झाला होता.

सुलभा त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने असती तर बरं झालं असतं. पहाटेपासून एवढे तास ती त्या दोन पायांवर उभी राहिली होती, वर्षभर जिच्यासाठी कडू-तिखट गिळलं ती एक सकाळ तिची होती, बिघडलेली का होईना, तिच्या हातची. कोणी काही बोललं तर ती सांगणार होती, 'माझा हात चुकला.' ते वाक्य तिच्या ओठांशी आलेलं विद्याधरांना आता दिसलं.

"हो," ती म्हणाली. "यांनीच केला सगळा स्वयंपाक."

आणि तिने ताक वाढायला घेतलं. त्या दिवशी ताकाला फार मागणी होती.

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाली. सुलभाने मुखवटे मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळले, मध्ये कापूस भरला, आणि पेटी निधीच्या पुढे केली.

"अहो काकू, पण तुम्ही उभ्या राहिलात ना! डील तर ती होती," निधी गोंधळून म्हणाली. तिला ते खरंच नको होते. तिच्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नव्हती, आणि पुढच्या वर्षी त्या आठवड्यात तिचं अमेरिकेचं काम होतं. "काका, सांगा ना."

विद्याधर म्हणाले, "सुलभा, ऐक. ती आमटी..."

"नियम आईंचा आहे," सुलभा म्हणाली. "जिच्या हातचा नैवेद्य. माझ्या हातचा झाला नाही. सगळ्यांसमोर ठरलंय ते." मग निधीच्या गालाला हात लावून, "केटररला सांग, कटाच्या आमटीत चिंच जास्त नको. एवढं सांग."

पेटी ती स्वतः घेऊन जिना उतरली. कठड्याला हात नाही, भिंतीला हात नाही. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची जुनी सवय, तीही नाही. एक पाय, मग दुसरा, चारचौघींसारखी. डॉक्टर पद्मनाभांनी हे पाहायला हवं होतं. श्यामलाअक्का दारातून म्हणाल्या, "अय्यो, चालतेय बघा कशी, सून आल्यासारखी!" सुशांतच्या मारुतीच्या मागच्या सीटवर तिने पेटी ठेवली, तिच्याभोवती शाल सारखी केली, आणि गाडी यशवंतपूरच्या दिशेला वळेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. गुडघा अजिबात दुखला नसावा. दुखल्यासारखं तिने काही केलं नाही.

विद्याधर आधीच वर आले होते. स्टूलवर चढून त्यांनी वरच्या कोपऱ्यातला डबा काढला, हाताच्या उंचीवरचा उचलला, आणि दोन्ही हातांत दोन सारखे डबे धरून उभे राहिले. झाकणावर सुलभाचं माहेरचं नाव. दोन्हींवर तेच.

"काय करताय?" ती दारात आली होती.

"धने जागेवर ठेवतोय. तुझ्या जागेवर. बाकीचे कसे होते तेवढं सांग. हळदीच्या शेजारी काय होतं?"

ती मांडणीकडे बघत राहिली. जणू कोणाच्या तरी घरी आली होती आणि पाणी कुठे आहे ते विचारावं की नको, असं.

"आठवत नाही," ती म्हणाली. "राहू द्या. उद्या तुम्हालाच सापडायचं नाही."

"मला काय सापडायचंय! तू कर ना आता. आज तू कर."

दारापाशी खुर्ची अजून होती. ती तिच्यावर बसली, पाटीतलं आलं मांडीवर घेतलं आणि चमच्याच्या कडेने साल खरवडू लागली. साल पातळ, कागदासारखी, एकही धागा न तुटता. मग किसणी हातात घेऊन थांबली.

"मुगाच्या आमटीत किती किसू?"

पस्तीस वर्षांत तिने कोणाला 'किती' विचारलं नव्हतं. विद्याधरांच्या हातात दोन डबे तसेच होते.

"तुझ्या अंदाजाने," ते म्हणाले.

"नाही," सुलभा म्हणाली. "सांगा."

त्यांनी दोन्ही डबे ओट्यावर ठेवले. मग त्यांनी सांगितलं, आणि तिने तेवढंच किसलं.